लाईफटाईम म्हणजे नक्की कोणाची लाईफ? एका क्लाऊड स्टोरेज प्लॅनची सगळी हकीकत

मामेभावाचा फोन आला तेव्हा तो आधी चिडलेला होता आणि मग घाबरलेला, याच क्रमाने. "अरे दादा, लाईफटाईम घेतलंय ना मी, पैसे एकरकमी भरलेत, मग हे तीस दिवसांत सगळं डाऊनलोड करा असं कसं काय लिहितात हे लोक?" म्हटलं मेल फॉरवर्ड कर आधी. मेल वाचला तर तारीख चार दिवसांपूर्वीची, प्रमोशन्सच्या टॅबमध्ये जाऊन पडलेला, म्हणजे तीसमधले चार दिवस तिथेच गेले, हातात उरले सव्वीस.

ही केस पूर्ण लिहून ठेवतोय कारण यात लाईफटाईम प्लॅनचं जे जे होऊ शकतं ते जवळपास सगळं एकाच माणसाला पाच वर्षांत झालं. आधी प्रॉडक्ट बदललं, मग कंपनी विकली गेली, मग प्लॅटफॉर्म बंद झाला. कंपनीचं नाव घेत नाहीये. आकडे प्रमाणात देतो, म्हणजे वर्षाच्या प्लॅनची किंमत १ धरायची आणि बाकी सगळं त्याच्या पटीत, कारण खरा हिशोब तिथेच दिसतो.

तर खरेदी. दोन टीबी क्लाऊड स्टोरेज, लाईफटाईम, किंमत ४, म्हणजे चार वर्षांच्या प्लॅनएवढी. कंपनीच्या स्वतःच्या साईटवरून नाही तर एका डील विकणाऱ्या साईटवरून घेतलेला, तिथून कोड मिळाला, तो कंपनीच्या साईटवर टाकला की खातं चालू. जाहिरातीत ठळक लिहिलेलं, एकदाच भरा, आयुष्यभर वापरा. भाऊ लग्नाचे वगैरे व्हिडिओ करतो, घरचे फोटोही ढीगभर, त्याने हिशोब केला की चार वर्षांनंतर सगळं फुकट. हिशोब चुकीचा नव्हता, फक्त त्यात आयुष्य कोणाचं हा प्रश्न त्याने विचारलाच नाही, आणि खरं सांगतो, मीही विचारला नसता.

त्या कंपनीच्या अटींचं पान त्याने सेव्ह केलेलं नव्हतं, पण जुनी वेबपानं साठवून ठेवणाऱ्या वेब आर्काइव्हवर खरेदीच्याच महिन्यातली कॉपी सापडली, नशीब म्हणायचं. त्यात तीन वाक्यं होती जी जाहिरातीत नव्हती. एक, लाईफटाईम म्हणजे प्रॉडक्टचं आयुष्य. दोन, कंपनी सेवा कधीही बदलू किंवा बंद करू शकते, तीस दिवसांची नोटीस देऊन. तीन, बारा महिने लॉगिन नसेल तर खातं काढून टाकलं जाईल. म्हणजे जाहिरात वाचली तर वाटतं ग्राहकाचं आयुष्य, अटी वाचल्या तर ते प्रॉडक्टचं आयुष्य, आणि ते प्रॉडक्ट किती जगणार हे ठरवणार कोण तर कंपनीच. ज्याने वचन दिलं त्याच्याच हातात वचनाची मुदत.

हे फक्त याच कंपनीचं नाही. लाईफटाईमची व्याख्या प्रत्येकजण आपापली करतो. पीक्लाऊडने आपल्या लाईफटाईमची व्याख्या ९९ वर्षं किंवा खातेदाराचं आयुष्य, जे कमी असेल ते, अशी केलीये, त्यातल्या त्यात स्पष्ट. टीव्ही रेकॉर्ड करणारा टिव्होचा डबा असायचा, त्याचं लाईफटाईम त्या डब्याला चिकटलेलं, डबा मेला की प्लॅन मेला, तुम्ही ठणठणीत असलात तरी. अमेरिकेतल्या सिरियस एक्सएम या सॅटेलाईट रेडिओवाल्यांचंही तसंच, लाईफटाईम सबस्क्रिप्शन रेडिओच्या सेटला बांधलेलं, गाडी बदलली की लोकांना कळायचं की आपलं नाही, सेटचं आयुष्य विकत घेतलं होतं. त्यावर तिकडे ग्राहकांनी मिळून खटला भरला आणि शेवटी तडजोड झाली. म्हणजे ग्राहक, खातं, यंत्र, प्रॉडक्ट, कंपनी, यातलं कुठलंही एक आयुष्य असू शकतं, आणि जे सगळ्यात आधी संपेल तेवढाच तुमचा प्लॅन. पीक्लाऊडच्या ९९ वर्षांनाही हे लागू आहेच, कारण ९९ वर्षं पाळायला कंपनी ९९ वर्षं लागते.

मग या प्लॅनमध्ये नक्की विकत काय घेतलं? माझ्या मते एवढंच: सेवा चालू आहे तोपर्यंत तुमच्याकडे परत पैसे मागणार नाही. हे किमतीबद्दलचं वचन आहे. सेवा किती काळ चालू राहील याबद्दल त्यात काहीच नाही, तो काळ आपण आपल्या मनात भरतो, लाईफटाईम हा शब्द वाचून.

आता कंपनीच्या बाजूने बघू, कारण पुढे जे झालं त्याचं मूळ इथेच आहे. स्टोरेज ही अशी वस्तू आहे की जिच्यावर खर्च दर महिन्याला होतो. डिस्क चालू ठेवायला वीज, ती बिघडली की बदलायची, तुमची एक फाईल सुरक्षित ठेवायची तर ती एकाहून जास्त ठिकाणी ठेवावी लागते म्हणजे दोन टीबीसाठी प्रत्यक्षात जास्त जागा, शिवाय बँडविड्थ, शिवाय सपोर्टची माणसं. आणि ग्राहकाकडनं पैसे आले एकदाच, त्यातलाही मोठा वाटा डील साईटने ठेवला. भावाने भरलेले ४ पूर्ण कंपनीला मिळालेच नाहीत, समजा निम्मे मिळाले तर २. म्हणजे कंपनीच्या बाजूने बघितलं तर दोन वर्षांच्या वर्गणीएवढ्या पैशात कायमचा ग्राहक. हे दोनच तऱ्हेने चालतं, एक तर बहुतेक लोक दोन टीबी घेऊन पन्नास जीबीच वापरतात (बरेच तसं करतातही), नाहीतर मासिक-वार्षिक वर्गणी भरणारे भरपूर ग्राहक असतात जे लाईफटाईमवाल्यांचा खर्च उचलतात. हे दोन्ही नसेल तर जुन्या लाईफटाईमवाल्यांचा खर्च नवीन लाईफटाईम विकून भागवावा लागतो. आणि ते बाहेरून दिसतं. भावाच्या मेलबॉक्समध्ये मागे जाऊन पाहिलं तर दुसऱ्या वर्षापासून दर महिन्याला 'शेवटची संधी' आलेली, आधी पाच टीबी, मग दहा टीबी, मग घरातल्या पाच जणांसाठी लाईफटाईम, प्रत्येक वेळी आधीपेक्षा स्वस्त. शेवटची संधी दर महिन्याला येत असेल तर समजायचं की कंपनीला रोख पैसा आजच्या आज हवाय. आम्ही दोघांनीही ते मेल त्या वेळी पाहिले होते, आणि त्याने तर एकदा पाच टीबी घेऊ का म्हणून विचारलंही होतं, मी म्हटलं बघ बुवा. एवढंच माझं ज्ञान.

जी वस्तू तुमच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर चालते तिचं गणित थोडं वेगळं असतं. व्हायरस वगैरे काढणारं सॉफ्टवेअर विकणाऱ्या मालवेअरबाइट्सने २०१४ मध्ये एकरकमी लायसन्स विकणं थांबवून वार्षिक वर्गणी सुरू केली तेव्हा आधी घेतलेल्या लाईफटाईम की त्यांनी चालू ठेवल्या. तिथे एका जुन्या ग्राहकाला सांभाळण्याचा खर्च कमी, स्टोरेजमध्ये तो कधीच शून्याकडे जात नाही. लाईफटाईम घेताना हा फरक पहिला बघायचा, सूट किती टक्के आहे ते नंतर.

तिसऱ्या वर्षी पहिला धक्का आला पण तो धक्का आहे हे कळलं नाही. ॲप अपडेट झालं आणि भावाच्या खात्यावर प्लॅनच्या नावापुढे 'लेगसी', म्हणजे जुन्या काळचा, असा शब्द आला. शेजारी नवीन प्लॅन, प्रो नावाचा, वर्गणीचा. त्याचं स्टोरेज काढून घेतलं नाही, एकही फाईल गेली नाही. फक्त नवीन जे काही आलं, म्हणजे जुन्या व्हर्जन परत आणणं, पासवर्डवाल्या शेअर लिंक, जलद अपलोड, ते सगळं प्रोमध्ये. आणि शेअर लिंकवर महिन्याची डाऊनलोडची मर्यादा आली जी आधी नव्हती. गिऱ्हाइकाला व्हिडिओ पाठवला की दहा जणांनी उघडल्यावर लिंक बंद. त्याने सपोर्टला लिहिलं, तिकडच्या माणसाने अगदी नम्रपणे उत्तर दिलं, सर, तुमचा लाईफटाईम प्लॅन जसाच्या तसा चालू आहे, प्रो हे वेगळं प्रॉडक्ट आहे.

हे उत्तर नीट वाचण्यासारखं आहे. अटींमध्ये प्रॉडक्टचं आयुष्य लिहिलेलं असलं की प्रॉडक्ट मारायची गरज नसते, त्याचं नाव बदललं की पुरतं. नवीन नावाचं प्रॉडक्ट जन्माला येतं, जुनं लेगसी होतं, आणि एक दिवस जुनं म्हातारपणाने गेलं असं सांगता येतं. वचन मोडलं असं कागदावर कुठेच दिसत नाही.

इथे ग्राहकाच्या हातात काय असतं? कधी कधी असतं. नोटॅबिलिटी नावाचं नोट्सचं ॲप आहे, त्यांनी नोव्हेंबर २०२१ मध्ये एकरकमी किमतीवरून वर्गणीवर उडी मारली आणि आधी पैसे भरलेल्यांना सांगितलं की तुम्हाला सगळी फीचर्स वर्षभर मिळतील, पुढे वर्गणी भरा. लोक भडकले, शिवाय ॲपलच्या ॲप स्टोअरचा नियमच असा आहे की वर्गणीवर जाताना जुन्या ग्राहकांनी ज्याचे पैसे भरलेत ते मुख्य काम काढून घेऊ नये. काही दिवसांत कंपनीने माघार घेतली, जुन्यांना जुनी फीचर्स कायम. तिथे एक मधला राजा होता ज्याचा नियम होता. भावाचा प्लॅन वेबवरून घेतलेला, डील साईटवरून, तिथे असा कोणी राजा नाही. त्यामुळे तो गप्प बसला आणि गिऱ्हाइकांना पेनड्राइव्ह द्यायला लागला.

चौथ्या वर्षी कंपनी विकली गेली, आणि हा या सगळ्यातला सर्वात महत्त्वाचा मेल होता, जो त्याने वाचलाच नाही. विषय होता, आमच्या प्रायव्हसी पॉलिसीत बदल. आत लिहिलेलं की अमुक तारखेपासून सेवा अमुक कंपनी चालवेल, खाली नवीन पत्ता, नवीन देश. पुढच्या लॉगिनला एक खिडकी आली, नवीन अटी मान्य आहेत का, त्याने हो दाबलं, आपण सगळेच दाबतो.

कंपनी विकली म्हणजे काय विकलं यावर सगळं अवलंबून असतं. समजा कोणी कंपनीचे शेअर विकत घेतले, तर मालक बदलला पण कंपनी तीच, तिने केलेले करार तिचेच, तुमचा लाईफटाईम तिच्याच अंगावर. पण दुसरा प्रकार असा की कंपनी विकत न घेता तिचं सामान विकत घ्यायचं, म्हणजे नाव, डोमेन, सॉफ्टवेअर, सर्व्हर, ग्राहकांची यादी. जबाबदाऱ्या मागे ठेवायच्या, जुन्या कंपनीकडे, जी आता रिकामं खोकं झालेली असते. ग्राहकाला बाहेरून काहीच फरक दिसत नाही, तोच लोगो, तेच लॉगिन. पण ज्याने वचन दिलं तो आणि ज्याच्याकडे सर्व्हर आहेत तो हे दोघे आता वेगळे.

याचं गाजलेलं उदाहरण व्हीपीएनसिक्युअर या व्हीपीएन विकणाऱ्या कंपनीचं. २०२३ मध्ये नवीन मालकांनी ती घेतली आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये लाईफटाईमवाल्यांची खाती बंद करून टाकली. कारण काय दिलं तर आम्ही तंत्रज्ञान, डोमेन, ग्राहकांचा डेटा घेतला, जबाबदाऱ्या घेतल्या नाहीत, आणि इतके लाईफटाईम प्लॅन विकलेत हे आम्हाला जुन्या मालकाने सांगितलंच नव्हतं. आता एखादी कंपनी विकत घेताना ग्राहक पैसे का भरत नाहीत हे तपासायचं नाही हे मला तरी पटत नाही, पण ते असो. ग्राहकाने करायचं काय, तर सवलतीत वर्गणी घ्या.

भावाच्या केसमध्ये कुठला प्रकार हे त्या मेलमध्येच होतं. जुन्या अटींच्या पानावर एका कंपनीचं नाव आणि नोंदणी क्रमांक, नवीन पानावर दुसऱ्याच कंपनीचं नाव आणि वेगळा क्रमांक. शेअर विकले असते तर साधारणपणे तेच नाव, तोच क्रमांक राहतो. नाव आणि क्रमांक दोन्ही बदलले म्हणजे बहुतेक सामान विकलंय. हे बघायला दोन मिनिटं लागतात आणि बघायची वेळ असते तो पॉलिसी बदलाचा मेल आला ती, कारण त्या वेळी अजून फाईली आरामात उतरवता येतात, सगळे एकदम पळत नसतात.

सव्वापाच वर्षांनी बंदचा मेल. जुना प्लॅटफॉर्म तीस दिवसांत बंद, लेगसी ग्राहकांना नवीन प्लॅटफॉर्मवर एक वर्ष फुकट, नंतर निम्म्या दरात वर्गणी. फाईली आपोआप तिकडे जाणार नाहीत, आपण डाऊनलोड करून परत अपलोड करायच्या.

भावाचा पहिला विचार पैशांचा, माझा फाईलींचा, आणि त्यावरून आमचं थोडं वाजलंही. मी म्हटलं, बाबा भांडण तीस दिवसांनंतरही करता येतं, डाऊनलोड नाही करता येत. एकूण डेटा १.४ टीबी. पहिल्या दिवशी वेग मिळत होता सेकंदाला साधारण दोन एमबी, त्या वेगाने आठ दिवसांत सगळं उतरतं. त्याने म्हटलं झालं की मग, रविवारी लावतो. दुसऱ्या दिवशी वेग अर्धा एमबीवर, कारण सगळेच लागले. अर्ध्या एमबीने दिवसाला होतात ४३ जीबी, १.४ टीबीला लागतात ३२ दिवस, आणि हातात होते पंचवीस. म्हणजे सगळं उतरवणं शक्यच नाही, हे दुसऱ्याच दिवशी कागदावर दिसलं. बंद होणाऱ्या सेवेचं हे ठरलेलं असतं, नोटीस तीस दिवसांची असली तरी वेगाची हमी कोणी देत नाही, उलट बंद होणाऱ्या सर्व्हरवर कोण खर्च वाढवणार.

मग वाटणी केली. १.४ टीबीमध्ये ९०० जीबी जुन्या कामाचे कच्चे व्हिडिओ, ३१० जीबी घरचे फोटो, बाकी १९० जीबी कागदपत्रं आणि तयार व्हिडिओ. प्रश्न एकच विचारायचा, दुसरीकडे कुठे आहे का. घरचे फोटो कुठेच नव्हते, ते आधी, साडेसात दिवस गेले. मग १९० जीबी, साधारण साडेचार दिवस. कच्चे व्हिडिओ बरेचसे एका जुन्या हार्डडिस्कवर होते, फक्त कुठले आहेत कुठले नाहीत हे माहीत नव्हतं, तर क्लाऊडवरची यादी आणि डिस्कवरची यादी ताडून पाहिली, फरक निघाला १४० जीबीचा, तेवढेच उतरवले, तीन-साडेतीन दिवस. मिळून पंधरा-सोळा दिवसांत संपलं आणि त्यानंतर वेग इतका पडला की शेवटच्या आठवड्यात सुरू करणाऱ्यांचं काय झालं असेल देव जाणे.

ब्राउझरमधून डाऊनलोड करायचा नाद पहिल्याच दिवशी सोडला, मोठ्या फोल्डरची झिप अर्ध्यात तुटते आणि परत पहिल्यापासून. त्या कंपनीचं वेबडॅव्ह चालू होतं, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅममधून फाईली काढायची सोय, ते आरक्लोन या फाईली कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमला juna या नावाने जोडलं आणि हे लावून ठेवलं:

```
rclone copy juna:Photos /media/disk1/Photos --transfers 4 --progress
rclone check juna:Photos /media/disk1/Photos --one-way --size-only
```

पहिली ओळ उतरवते आणि तुटली तर परत तीच चालवायची, जे आलंय ते सोडून पुढचं घेते. दुसरी ओळ तिकडे आहे ते सगळं इकडे आलंय का ते बघते, पण फक्त आकारावरून, कारण साध्या वेबडॅव्हवर फाईलचा चेकसम, म्हणजे आतल्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा, मिळत नाही. म्हणजे आकार बरोबर पण आत बिघडलेली फाईल यातून सुटू शकते, त्यासाठी थोडे फोटो, व्हिडिओ हाताने उघडून पाहिले.

दोन गोष्टी तिथे अडल्या. एक, तारखा. उतरलेल्या फाईलींवर तारीख आली ती क्लाऊडवर टाकल्याची, मूळची नाही. फोटोंच्या आत कॅमेऱ्याने लिहिलेली तारीख शाबूत होती म्हणून फोटो परत लावता आले, कागदपत्रांची गेली ती गेलीच. दुसरी जास्त वाईट, त्या ॲपमध्ये एक व्हॉल्ट होता, एन्क्रिप्ट केलेला, घराची कागदपत्रं त्यात. वेबडॅव्हमधून त्या फाईली अगम्य नावांच्या कचऱ्यासारख्या दिसत होत्या, उतरल्या तरी उघडणार नाहीत, कारण उलगडायचं काम त्या कंपनीचं ॲप करतं आणि ॲप आधी त्यांच्या सर्व्हरवर लॉगिन मागतं. सर्व्हर गेला की पासवर्ड पाठ असूनही कुलूप उघडत नाही. बारा जीबी होते, ते ॲपमधून फोल्डर फोल्डर करत हाताने बाहेर ओढले, अख्खा शनिवार गेला. प्लॅन कुठलाही असो, ज्या फाईलींचं कुलूप कंपनीच्याच ॲपने उघडतं त्या बाहेर काढायला सगळ्यात जास्त वेळ धरायचा.

यंत्राच्या बाबतीत तर उतरवून घ्यायलाही काही उरत नाही. रिव्हॉल्व्ह नावाचा घरातले दिवे, कुलपं वगैरे एका ठिकाणाहून चालवायचा हब होता, ३०० डॉलरच्या आसपास किंमत, त्यासोबत लाईफटाईम सबस्क्रिप्शन. २०१४ मध्ये गूगलच्या नेस्टने ती कंपनी घेतली, हब विकणं थांबवलं आणि १५ मे २०१६ ला सर्व्हर बंद केला, त्या दिवसापासून हब म्हणजे नुसता डबा. त्यात अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने लक्ष घातलं, आणि त्यांच्या पत्रातला मुद्दा असा होता की ग्राहकाने विकत घेतलेली वस्तू कंपनीने एकतर्फी निकामी करणं हे ग्राहकाचं नुकसान ठरू शकतं. पण पुढे कारवाई झाली नाही, कारण हब कमी विकले गेले होते आणि नेस्टने पूर्ण पैसे परत द्यायची तयारी दाखवली. तिथे मागे मोठी, पैसेवाली कंपनी होती आणि आरडाओरडाही खूप झाला, हे लक्षात ठेवायचं.

फाईली आल्या, आता पैसे. भावाला वाटत होतं बुडालो. कागदावर मांडलं. भरले ४, वापरलं ६३ महिने म्हणजे सव्वापाच वर्षं, वर्गणी भरली असती तर ५.२५. म्हणजे तो सव्वा वर्षाच्या वर्गणीने फायद्यातच निघाला! हे ऐकून तो आणखी चिडला, ते वेगळं. पण त्याच प्लॅनचा चौदा महिन्यांपूर्वीचा ग्राहक बघा, त्यानेही ४ भरले, वापरलं १.१७, गेले २.८३. त्याच वचनात एकाचं भलं झालं आणि दुसऱ्याचं वाटोळं, फरक फक्त कधी आत आला याचा. म्हणून लाईफटाईमची किंमत बघताना ती वर्गणीच्या किती पट आहे हे बघायचं आणि मग स्वतःला विचारायचं की ही कंपनी आणखी तेवढी वर्षं याच रूपात राहील यावर मी पैज लावतोय का. दोन पट असेल तर बरी पैज, चार पट असेल तर कंपनी जुनी आणि वर्गणीवाली हवी, आणि जितकी कंपनी नवीन तितकी पट कमी हवी. दुर्दैवाने नवीनच कंपन्या लाईफटाईम विकतात.

तरी आम्ही दारं वाजवली. डील साईट म्हणाली परतावा साठ दिवसांत मागायचा असतो. कार्डच्या बँकेला विचारलं, तिथेही मुदत, व्हिसाच्या नियमांत सेवा मिळाली नाही म्हणून वाद घालायला कमाल मर्यादा व्यवहारापासून ५४० दिवसांची, आमचा व्यवहार पाच वर्षं जुना. चौदा महिन्यांवाल्या माणसाला मात्र हे दार अजून उघडं असू शकतं, साधारण ४२५ दिवस झालेले, त्याने बंदचा मेल आला की लगेच बँकेकडे जायला हवं, सेवा बंद झाल्याच्या तारखेसकट तो मेल जोडून. नवीन कंपनीने लिहिलं की जुने करार आमच्याकडे आलेले नाहीत, आणि तरी तुम्ही आमच्या अटी मान्य केल्यात. या दोन्ही गोष्टी एकाच मेलमध्ये. मान्य केलेल्या अटींनी जुना हक्क खरंच संपतो का हे देशागणिक कायद्यावर आहे, त्यात आम्ही पडलो नाही, रक्कम वकिलाच्या पहिल्या भेटीएवढीही नव्हती.

जुनी कंपनी दिवाळखोरीत निघालेली, हे तिच्या नोंदणी क्रमांकावरून सरकारी रजिस्टरमध्ये दिसलं. तिथे कंपनीचं उरलंसुरलं विकून देणी भागवायला लिक्विडेटर नेमलेला असतो, त्याच्याकडे दावा टाकता येतो. आपण तिथे विनातारण घेणेकरी, म्हणजे आधी लिक्विडेटरचा स्वतःचा खर्च आणि ज्यांच्याकडे तारण आहे त्या बँका, मग साधारणपणे कर्मचाऱ्यांचे पगार वगैरे, आणि उरलंच काही तर आपण आणि आपल्यासारखे हजारो. दाव्यात रक्कम काय लिहायची हाच घोळ, कारण लाईफटाईममधलं किती उरलंय हे कसं मोजणार. आम्ही भरलेली पूर्ण रक्कम, तारीख, कोड वापरल्याचा मेल आणि बंद झाल्याची तारीख एवढं लिहून दिलं, आकडेमोड त्यांनी करावी. भाऊ म्हणाला, "तू तर म्हणतोस मी फायद्यात आहे, मग दावा कशाला?" म्हटलं, फॉर्म फुकट आहे.

नवीन प्लॅटफॉर्मचं फुकट वर्ष त्याने घेतलं नाही, कार्ड नंबर मागत होते आणि वर्ष संपलं की आपोआप वर्गणी चालू होणार होती. आता दोन हार्डडिस्क आहेत, एक त्याच्याकडे, एक आमच्या घरी, आणि एका तिसऱ्याच कंपनीत वर्षाची वर्गणी, जिथून फाईली बाहेर काढायला कंपनीचं ॲप लागत नाही. लिक्विडेटरकडनं दावा पोचल्याचा मेल आलाय, खाली दाव्याचा क्रमांक, पाच आकडी.